मानेचा ट्रंक कॉल

माझं डोकं दुखतंय, ही आमच्या घरात बातमी होऊ शकत नाही. मी बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. ज्या माणसानं बत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकल्या त्याची तक्रार घरी कोणी ऐकायची नाही, असा नियतीचा काहीतरी ठराव असावा. त्यामुळे गेल्या श्रावणात मी एकदा कपाळ धरून बसलो, तेव्हा सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "चष्मा बदला."

चष्मा बदलला. नव्या चष्म्यातून डोकेदुखी अधिक स्वच्छ दिसायला लागली, एवढाच फरक.

दुखणं मोठं शिस्तीचं होतं. उजव्या भुवईच्या वर, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. कधी डोळ्याच्या मागं खोल. ठणका नाही, घण नाही. कुणीतरी आतून अंगठा दाबून धरल्यासारखं. आणि नेहमी उजवीकडेच. डावं कपाळ म्हणजे शेजाऱ्याचं घर असावं, तसं निर्विकार.

आता कपाळ दुखतं म्हटल्यावर माणूस कपाळालाच औषध लावणार की नाही? मी लावलं. पिवळा बाम लावला, पांढरा लावला, सुंठ उगाळून लावली. सुंठ लावून सात रस्त्यावरून भाजी घेऊन येताना एका गृहस्थांनी "कोणत्या देवाचं?" म्हणून विचारलं. मग पित्त म्हणून शेंगाचटणी बंद झाली. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणीशिवाय भाकरी म्हणजे भोंग्याशिवाय गिरणी. (गिरण्या गेल्या, भोंगे गेले, चटणी तेवढी उरली होती, तीही गेली.) डोकं दुखायचं ते दुखतच राहिलं, वर मन दुखायला लागलं ते वेगळं.

आमचे न्हावी म्हणजे तीस वर्षांचा ऋणानुबंध. त्यांनी निदान केलं, "साहेब, आत वारा अडकलाय. मान मोडू की?" आणि उत्तराची वाट न पाहता उजवीकडून एक कडाड, डावीकडून एक कडाड. असा आवाज आला की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. तासभर बरं वाटलं. तासानंतर वारा पुन्हा आपल्या जागी येऊन बसला.

राहता राहिली गोळी. ती मात्र लागू पडायची. सुरुवातीला आठवड्यातून एक, मग दोन, मग "आज दुखेल असं वाटतंय" म्हणून आगाऊ एक. औषधाच्या दुकानातला पोरगा मला पाहिलं की न विचारता स्ट्रिप काढून ठेवायला लागला. असा मान मला खात्यात कधी मिळाला नव्हता.

पण खरी गोष्ट मी अजून तुम्हाला सांगितलीच नाही. घरीही सांगितली नव्हती. रात्री दोन-अडीचला जाग यायची आणि उजव्या भुवईवरचा तो अंगठा सांगायचा, "हा साधा प्रकार नव्हे." आमच्या खात्यातला एक मित्र डोक्यातल्या गाठीनं गेला. त्याचंही म्हणे डोकेदुखीपासूनच सुरू झालं होतं. एका रात्री मी उठलो, स्वयंपाकघरात दिवा लावला आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहून काढलं. कोणत्या बँकेत किती, मुदतठेव कधी संपते, विम्याचा कागद कुठल्या पिशवीत, गॅसचं पुस्तक कुठं. घडी घालून तो कागद साड्यांच्या कपाटात, खालच्या फळीवरच्या चादरींच्या मधे ठेवला. लग्नात आलेल्या सोलापुरी चादरी; चाळीस वर्षांत फाटल्या नाहीत. म्हटलं, आपल्यामागंही सुरक्षित राहील. मग शांतपणे झोपलो. म्हणजे झोपलो नाही, पण शांतपणे जागलो.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते माझं वय ऐकून एकदम सावध झाले. चौसष्ट. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकं दुखायला लागलं तर ते तपासल्याशिवाय सोडायचं नसतं, म्हणाले. आणि मग त्यांनी असे प्रश्न विचारले की मला वाटलं, चुकून दुसऱ्या कोणाचा केसपेपर पुढे आलाय. भाकरी चावताना जबडा दुखतो का? केस विंचरताना टाळू हुळहुळते का? दुखणं एका क्षणात वीज पडल्यासारखं आलं होतं का? ताप? हातापायात कमजोरी? दोन-दोन दिसतं? जीभ जड होते? पडला-बिडला होता का? प्रत्येक 'नाही'बरोबर माझी छाती इंच-इंच खाली बसत होती. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा एक आजार या वयात होतो, वेळेवर ओळखला नाही तर डोळा जाऊ शकतो. म्हणून रक्तही तपासलं. ते निर्दोष निघालं. मानेचा एक्स-रे मी आधीच स्वतःच्या हौसेनं काढून ठेवला होता. त्यात पाचव्या-सहाव्या मणक्यामधे झीज आहे, असं लिहिलं होतं. मी तो निकालपत्रासारखा पुढे केला. डॉक्टरांनी उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "हे मणक्याचे पांढरे केस आहेत. तुमच्या वयाच्या धडधाकट माणसांतही दिसतात." मग एका फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी दिली.

ती मुलगी असेल सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. "या काका," म्हणाली. मी म्हटलं, "कपाळ दुखतं." तर ही माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली! आमच्या खात्यातही एक जण होता. ग्राहक पुढच्या दारानं आला की तो मागच्या दारानं जायचा. पण ही तशी नव्हती. तिनं मला आठ दिवसांचं काम दिलं. दुखायला लागलं की लिहायचं: वाजले किती, आधी काय करत होतो आणि सगळ्यात आधी *कुठं* दुखलं. सगळ्यात जास्त कुठं दुखलं ते नव्हे, सगळ्यात *आधी*.

आठ दिवसांची ती वही मी आजही जपून ठेवली आहे. सोमवारी: सकाळी साडेनऊ, निवृत्त मित्रांचा ग्रुप, एक तास. आधी उजव्या बाजूला, मानेच्या खाचेत, जिथं कवटी संपते तिथं. मग कानामागून वर. मग कपाळ. बुधवारी: रात्री अंथरुणात दोन उशा घेऊन बातम्या. आधी खाच. गुरुवारी: नातीचा व्हिडिओ कॉल बंगळूरहून, पन्नास मिनिटं. आधी खाच. आठ दिवसांत पाच वेळा दुखलं आणि पाचही वेळा गाडी एकाच स्टेशनावरून सुटली होती. इतके महिने मी कपाळावर, म्हणजे शेवटच्या स्टेशनावर उभा राहून विचारत होतो, गाडी इथं आलीच कशी?

त्याच वहीत तिनं फोनमधला आकडा लिहायला सांगितला होता. फोन आपण किती वेळ बघतो ते फोनच लिहून ठेवतो, हे मला ठाऊक नव्हतं. चहाडखोर मेला! मी अंदाज केला होता दीड तास. आकडा निघाला पाच तास चाळीस मिनिटं. खात्यात असतानाही मी रोज एवढा वेळ टेलिफोनचं काम केलं नसेल.

पुढच्या खेपेला तिनं मला उताणं झोपवलं. हनुवटी छातीला लागेल अशी मान पूर्ण वाकवली आणि तशीच वाकलेली ठेवून डोकं आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवलं. मान अशी वाकवली की खालचे सांधे जखडतात आणि वळण उरतं ते बहुतेक सगळं पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधलं. आपण मान हलवून 'नाही' म्हणतो ना, त्यातलं जवळजवळ निम्मं वळण त्या एकाच सांध्यातून येतं. साधारणपणे चव्वेचाळीस अंश वळायला हवं. माझं डावीकडे बेचाळीस वळलं. उजवीकडे पंचविसावर कोणी तरी खिळा ठोकला होता.

"बत्तीस-तेहेतिसाच्या खाली गेलं की आम्हाला संशय येतो," ती म्हणाली. आणि मग खाचेतल्या एका बिंदूवर तिनं बोटानं दाबलं. हळूच. आणि काय सांगू तुम्हाला! बोट मानेवर आणि दुखलं उजव्या भुवईच्या वर. तेच नाणं, तोच अंगठा.

"हेच का तुमचं दुखणं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "अगदी हेच! पण तू हात तर मागं लावलायस."

तेव्हा तिनं मला समजावून सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्यालाच मी उठून बसलो. कारण ती सांगत होती ते माझ्या खात्याचं होतं. कपाळाची आणि डोळ्याची खबर मेंदूला देणारी जी चेहऱ्याची नस असते, ट्रायजेमिनल, तिच्या तारा आत शिरल्यावर थेट वर जात नाहीत. काही खाली उतरतात, मानेच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूपर्यंत. आणि मानेच्या पहिल्या तीन नसा नेमक्या तिथंच येऊन जोडल्या जातात. दोघींना पुढे वर नेणारी लाइन एकच. वरच्या मणक्यांचे सांधे, कवटीखालचे ते बोटभर स्नायू कुरकुरले की निरोप त्या सामाईक लाइनवर चढतो आणि वर मेंदू फोन उचलून विचारतो, "कोण? कपाळ का?"

"क्रॉस कनेक्शन!" मी ओरडलो.

तिला हा शब्द कळला नाही. तिच्या पिढीला कळणार कसा? पावसाळ्यात जमिनीखालच्या केबलच्या सांध्यात पाणी शिरायचं. आत कागदाचं आवरण असायचं, ते भिजलं की दोन जोड्या एकमेकींशी बोलायला लागायच्या. तुम्ही नवी पेठेतल्या कापडवाल्याला फोन लावावा आणि लष्करातल्या कुठल्या तरी घरातलं सासू-सुनेचं भांडण ऐकू यावं! ग्राहक तक्रार करायचा, "माझा फोन बिघडलाय." आम्ही जाऊन पाहायचो, तर फोन ठणठणीत. बिघाड मैलभर लांब, रस्त्याखाली. नवा शिकाऊ पोरगा मात्र पहिले तीन दिवस ग्राहकाच्या घरी बसून फोनच उघडत राहायचा. मी माझ्या कपाळाशी सहा महिने तेच केलं होतं. बाम म्हणजे रिसीव्हर पुसणं.

नॉर्वेतल्या ओटार शास्ताद नावाच्या डॉक्टरांनी या दुखण्याला १९८३ मधे वेगळं नाव दिलं: मानेतून निघणारी डोकेदुखी. १९८३! म्हणजे मी सोलापुरात गमबूट घालून खड्ड्यात उतरून दुसऱ्यांची क्रॉस कनेक्शन सोडवत होतो, तेव्हा तिकडे माझ्या कपाळाचा बिघाड कागदावर नोंदला जात होता. आणि ही खालची पाचव्या-सहाव्या मणक्याची झीज, जिच्यासाठी मी एक्स-रेला पैसे मोजले, ती बिचारी निर्दोष. ती दुखली तर खांद्यात, हातात दुखेल. कपाळापर्यंत लाइन आहे ती वरच्या तिघांचीच.

मी विचारलं, "मग मान वाकवायचीच नाही का?" मला कुठून तरी आलेला एक आकडा ठाऊक होता. न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदानं २०१४ मधे गणित मांडलं की पाच किलोचं डोकं साठ अंश पुढं झुकलं की मानेवर सत्तावीस किलोचा भार पडतो. म्हणजे ज्वारीचं अर्धं पोतं! ती हसली. म्हणाली, "काका, ते संगणकावरचं गणित आहे, कुणाच्या मानेत काटा लावून मोजलेलं नाही. मान वाकवायलाच केलेली आहे. वाकवल्यानं बिघडत नाही. वाकवून तिथंच विसरल्यानं बिघडतं." शिवाय मानदुखी अर्धशिशीतही होते, हेही तिनं सांगून ठेवलं. उलटी, उजेड नकोसा होणं, ठणका, कधी ही बाजू तर कधी ती, असं असतं तर तिनं मला परत पाठवलं असतं. केवळ खाच दुखते म्हणून कुणी स्वतःच निदान करू नये. माझ्या बाबतीत बाजू बदलत नव्हती, मान वळवली की वाढत होतं, वळण अडलं होतं आणि बोट लावताच तेच दुखणं उठत होतं. एवढे साक्षीदार जमले तेव्हा आरोप ठेवला.

घरी येऊन मी हा सगळा शोध शेजारच्या अक्कांना सांगितला. अक्का पद्मशाली, आता सत्तरीच्या. चाळीस वर्षं त्यांनी विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात पानं, तंबाखू, दोरा; दिवसाला हजार विड्या, मान खाली. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "याला डॉक्टर कशाला लागतंय ओ भाऊ? आमच्या गल्लीतल्या समद्या बायांचं डोस्कं हितनं हितं दुखायचं." आणि त्यांनी बोट बरोब्बर खाचेतून कपाळावर आणलं! ओटार शास्तादांना कशाला तसदी दिली, असं मला क्षणभर वाटलं. "मग काय करायचात?" "चार बंडलं झाली की उठायचं. पाणी प्यायचं, हंडा सरकवायचा, पोराला एक धपाटा घालायचा, पुन्हा बसायचं. ज्या बाया उठल्या नाहीत त्यांचं लई दुखलं." चार बंडलं म्हणजे शंभर विड्या. मी फिजिओला विचारलं तर तिनं मला वीस मिनिटं सांगितली होती. आकडा वेगळा, पण सूत्र तेच. फक्त पोराला धपाटा घालायची सोय मला उरलेली नाही.

मग सुरू झाले व्यायाम. पहिला ऐकायला इतका क्षुल्लक की मला अपमान वाटला. उताणं झोपायचं आणि 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी किंचित आत घ्यायची. डोकं उचलायचं नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या शिरा ताठ झाल्या तर जोर जास्त झाला, सोडून द्यायचं. दहा सेकंद धरायचं. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मी म्हटलं, हे काय, यात काय आहे? चौथ्या वेळेलाच मान थरथरायला लागली. मानेच्या आत, मणक्याला चिकटून जे लहान स्नायू असतात ते कामावर येणं बंद झालेले असतात आणि बाहेरचे मोठे त्यांचं काम ओढत बसतात. आमच्या कचेरीची आठवण झाली. चाळीस वर्षं संसारात मी 'हो' म्हणत आलो, पण त्यासाठी वेगळे स्नायू लागतात हे आता कळलं.

दुसरा टॉवेलचा. न्यूझीलंडच्या मलिगन नावाच्या फिजिओथेरपिस्टांची ही पद्धत. टॉवेलचा काठ कवटीच्या जरा खाली लावायचा, एक टोक छातीशी धरून ठेवायचं, दुसरं गालावरून डोळ्याच्या रेषेत पुढं ओढायचं आणि ती ओढ ठेवूनच मान अडलेल्या बाजूला वळवायची. तीन सेकंद. दोनदा. बास. जराही दुखलं तर थांबायचं, कारण दुखलं म्हणजे जागा चुकली. कोणत्या हातात कोणतं टोक, ते तिनं मला समोर बसवून शिकवलं; माझ्या वर्णनावरून कोणी करायला जाऊ नये. मी पहिल्यांदा केला तेव्हा सौभाग्यवती धावत आल्या. त्यांना वाटलं मी फास घेतोय. बाकी सोलापूरच्या माणसाला औषध म्हणून टॉवेल निघावा, यात मला परमेश्वराची काहीतरी योजना दिसते.

न्हाव्याचं प्रकरण मात्र नाजूक होतं. तिनं बजावलं होतं, ते कडाड-कडाड आजपासून बंद. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतूनच वर जातात. हिसक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, मग लकवा. क्वचित होतं, पण क्वचित कोणाला, हे आधी कळत नाही. मी खुर्चीत बसून सांगितलं, "आजपासून फक्त चंपी." त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "तीस वर्षांत माझ्या हातून काय वाईट झालं का साहेब?" आता याला काय उत्तर द्याल? मी तेलमालिशीचे दहा रुपये जास्त द्यायला लागलो.

गोळ्यांचा हिशोब डॉक्टरांनी घेतला. महिन्याला सोळा-सतरा दिवस पडत होत्या. पंधरा दिवसांच्या वर, तीन महिने, अशी साधी वेदनाशामक गोळी चालू राहिली की गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. म्हणजे मी दुकानातून डोकेदुखी विकत आणत होतो, तीही एमआरपीला. त्यांच्या देखरेखीखाली त्या बंद केल्या. पहिले दहा दिवस दुखणं उलट वाढलं. सौभाग्यवती त्या दिवसांत माझ्याशी फार गोड बोलत होत्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

फोनचं काय करायचं, हा शेवटचा प्रश्न होता. डोळ्यांसमोर उंच धरायचा, तर हात पाच मिनिटांत गळून पडतो. शिवाय बाकावर बसून फोन तसा धरला की समोरच्याला वाटतं आपण त्याचा फोटो काढतोय. कंबर तलावाच्या काठावर एका बाईंनी मला यावरून चार शब्द सुनावले. उपाय घरातच निघाला. मांडीवर सोलापुरी चादरीची आठपदरी घडी, त्यावर कोपर, वर फोन. अशी जाडी जगातल्या दुसऱ्या कुठल्या चादरीला येत नाही. उशी दोनाची एक झाली. नातीचा कॉल आला की फोन फळीवर ठेवतो आणि मी उभा राहतो. ती म्हणते, "आजोबा, तुम्ही राष्ट्रगीताला उभे आहात का?"

सहा आठवड्यांनी तिनं पुन्हा मान वळवून पाहिली. पंचविसाची अडतीस झाली होती. कपाळातला अंगठा दहा-बारा दिवसांतून एखाद्या वेळी येतो, जुना ग्राहक चौकशी करून जातो तसा. चार-पाच तासांत जातो. पूर्ण जाईल का, असं विचारलं, तर म्हणाली, "व्यायाम सोडला नाही तर बहुतेक." शेंगाचटणी मात्र पहिल्याच दिवशी परत सुरू केली.

त्या चादरीची आठपदरी घडी काढायला म्हणून मी कपाट उघडलं, तेव्हा तो कॅलेंडरचा कागद आठवला. हात घालून काढला. म्हटलं, कोणाच्या नजरेला पडायच्या आत फाडून टाकू. उघडून पाहिलं. माझ्या अक्षरातल्या यादीच्या खाली, दुसऱ्या शाईत, सौभाग्यवतींचं वळणदार अक्षर होतं: 'सहकारी बँकेतली मुदतठेव लिहायची राहिली. मुदत मार्चमध्ये संपते. गॅसचं पुस्तक निळ्या पिशवीत नाही, देवघराच्या खाली आहे.' आणि त्याखाली तारीख. मी तो कागद ठेवला होता त्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, वीस मिनिटं झाली. उठा, आणि येताना तो टॉवेल घेऊन या."